तिला झेपणार नाही, हे शुक्रवारीच ठरलं होतं

३० जानेवारी २०१९, बुधवार. माझ्या टीममधली एक सीनियर इंजिनिअर २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून परत आली. आम्ही तिच्या टेबलावर फुगे लावले होते, केक आणला होता. फोनमधले फोटो एकीकडून दुसरीकडे फिरले. नाक कुणासारखं, रात्री झोपू देतो का, दुपारी कोण सांभाळतं, आजी खूश असतील ना, हे सगळं विचारून झालं. आपण हे फार छान करतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

तिचं कार्ड मात्र सकाळी गेटवर चाललं नव्हतं. सिक्युरिटीवाल्याच्या वहीत पाहुणी म्हणून सही करून ती आत आली होती. नव्वद दिवस लॉगिन झालं नाही की आमच्याकडे खातं आपोआप बंद पडायचं, त्यामुळे मेलही उघडेना. ते चालू व्हायला दुपारचे चार वाजले. मग कळलं की मेलच्या तीन ग्रुपमधून तिचं नाव गेलंय, आणि ज्या कोडचे निम्मे नियम तिने स्वतः लिहिले होते त्यात बदल मर्ज करायची परवानगीही तिच्याकडे उरलेली नाही. केक आणायची आठवण चौघांना झाली होती. खातं चालू करून ठेवायची एकालाही झाली नाही.

ही झाली गबाळेपणाची गोष्ट. एखाद्या यादीने ती सुटते. पुढच्या माणसांसाठी आम्ही तशी यादी केलीही. माझा खरा आक्षेप आधीच्या शुक्रवारी, २५ तारखेला झालेल्या दहा मिनिटांच्या मीटिंगवर आहे. ती मीटिंग मीच घेतली होती, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे.

विषय होता, ती परत आल्यावर तिला काय द्यायचं. एका विमा कंपनीच्या हप्ते वसुलीचं मॉड्यूल तीन वर्षं तिच्याकडे होतं. रजेच्या काळात ते एका ज्युनियरने सांभाळलं होतं. कुणीतरी म्हणालं, ‘लगेच तिच्यावर टाकायला नको, बाळ लहान आहे.’ दुसरा म्हणाला, ‘क्लायंटचा कॉल रात्री साडेआठला असतो, तिला कुठे झेपणार?’ तिकडचे सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ. मी मान डोलावली. ऑनकॉलच्या यादीतून तिचं नाव काढलं, रात्रीच्या कॉलमधून वगळलं, आणि डॉक्युमेंटेशनचं तुंबलेलं काम तिच्या नावावर टाकलं. तीन महिने आरामात करेल, मग बघू. तसा मेलही गेला. त्या खोलीत तिच्या वाईटावर असलेलं कुणीच नव्हतं. उलट सगळे तिचे हितचिंतक होते, आणि मला हेच सांगायचंय: अशा वेळी नुकसान आकसाने होत नाही, काळजीने होतं. आकस ओळखता येतो आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. काळजीबद्दल आभार मानावे लागतात.

मी एवढ्या सहज मान का डोलावली, तेही सांगते. माझी मुलगी २००९ मधली. तेव्हा कायद्याने बाराच आठवड्यांची रजा होती. २६ आठवडे २०१७ च्या दुरुस्तीने झाले. तीन महिन्यांची पोर घरी ठेवून मी आले आणि पहिल्याच आठवड्यात रिलीजसाठी रात्री अकरापर्यंत बसले. बाथरूममध्ये जाऊन रडत होते. तेव्हा कुणी माझं काम थोडं हलकं केलं असतं तर मी त्याचे उपकार विसरले नसते. दहा वर्षांनी मी साहेब झाले आणि मला जे हवं होतं ते तिला देऊन टाकलं. तिला काय हवंय, हे विचारायचं सुचलंच नाही. बायका वरच्या जागांवर आल्या की हे आपोआप सुधारेल, असं म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच हसते. स्वतः त्यातून गेलेल्या माणसाचा अंदाज जास्त ठाम असतो. बरोबर असतोच असं नाही.

माझा कसा चुकला ते पाहा. तिचं बाळ ऑगस्टच्या मध्यावरचं, म्हणजे ती आली तेव्हा साडेपाच महिन्यांचं. ते रात्री आठला झोपायचं आणि साडेबारापर्यंत उठायचं नाही. साडेआठचा कॉल ही तिच्यासाठी दिवसातली सगळ्यात निवांत वेळ होती. घरी बसून, दार लावून ती आरामात बोलली असती. अडचण दिवसा होती. सकाळी अकरा आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास तिला दूध काढायला पंचवीस-तीस मिनिटं लागायची. टीमची रोजची उभ्याउभ्याची मीटिंग बरोबर अकराला. आठवड्यात दोनदा साडेतीनला आढावा. त्या दोन्ही मीटिंगना हात लावायचं आम्हाला सुचलं नाही. जिथे तिला मोकळीक नको होती तिथे आम्ही ती भरभरून दिली, आणि हवी होती तिथे ती मीटिंगमधून गुपचूप उठून जायची. दोघातिघांनी माझ्याकडे तक्रार केली, ‘तिचं लक्ष नसतं हल्ली.’ म्हणजे आमच्या अंदाजाला पुरावाही आम्हीच तयार केला.

त्या दोन वेळा ही काही कुणाची मेहेरबानी नव्हती. प्रसूती लाभ अधिनियमात, म्हणजे १९६१ च्या कायद्यात, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज रोज दोन वेळा बाळाला पाजण्यासाठी विश्रांती होती. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यायला हवं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या आहेत. तिच्या बाबतीत हिशेब साधा होता: नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत अकरा आणि साडेतीनला मीटिंग ठेवू नये. साडेदहाला ठेवली असती तर कुणाचंही काही बिघडलं नसतं. आमच्याकडे दूध काढायला ‘वेलनेस रूम’ होती. तिथे डोकं दुखतं म्हणून कुणीतरी झोपलेलं असायचं, आणि दाराला आतून कडी नव्हती. हे मला मे महिन्यात कळलं, तेही तिच्याकडून नाही, हाउसकीपिंगच्या बाईंकडून.

आता त्या तीन महिन्यांच्या आरामाची किंमत. आमचं अप्रेझलचं वर्ष एप्रिल ते मार्च. त्या वर्षात तिचे कामाचे महिने सहा: रजेआधीचे एप्रिल ते जुलै, नंतरचे फेब्रुवारी आणि मार्च. पहिल्या चार महिन्यांत तिने हप्त्यांच्या नव्या नियमांचं मोठं रिलीज काढलं होतं. पण अप्रेझल मार्चमध्ये लिहिलं जातं आणि लिहिणाऱ्याला ताजं तेवढंच आठवतं. ताजं काय, तर दोन महिन्यांचं डॉक्युमेंटेशन. तिचा लीड लिहून गेला, ‘काम समाधानकारक.’ मधलं रेटिंग. लीड व्हायला सलग दोन वर्षं वरचं रेटिंग लागायचं. २०१७-१८ चं तिच्याकडे होतं. हे दुसरं मिळालं असतं तर एप्रिल २०१९ मध्ये ती लीड झाली असती. साखळी तुटली, मोजणी शून्यापासून सुरू झाली, आणि ती लीड झाली एप्रिल २०२१ मध्ये. दहा मिनिटांच्या मीटिंगने दोन वर्षं खाल्ली. रजेने हे केलं नाही. रजा धरूनही तिचे सहा महिने रेटिंगला पुरेसे होते. त्यातले शेवटचे दोन आम्ही पुसले.

एप्रिलमध्ये रेटिंग सांगायला मी तिला बोलावलं. तिने कागद पाहिला, घडी केली आणि विचारलं, ‘मी नको म्हटलं होतं का?’

मी म्हणाले, ‘आम्हाला वाटलं...’ आणि पुढचं वाक्य मला सुचेना.

यावर कायदा काय करू शकतो? फार नाही. रजेवर असताना बाईला काढता येत नाही, तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत, हे तेव्हाच्या १९६१ च्या कायद्याच्या बाराव्या कलमात होतं. पण हप्ते वसुलीचं मॉड्यूल हा कुणाच्या नेमणूकपत्रातला शब्द नसतो. पगार तोच, पद तेच, टेबलसुद्धा खिडकीजवळचं तेच. कागदावर काही बदललेलं नाही.

एक काळ असा होता की हाच समज छापील असायचा. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या सेवानियमात पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपेल असं चक्क कलम होतं. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मनमानी ठरवून रद्द केलं. छापलेलं होतं म्हणून त्यावर बोट ठेवता आलं. आमच्या शुक्रवारच्या मीटिंगवर कोण कुठे बोट ठेवणार? तिथे फक्त चांगुलपणा होता.

आणि हे आमच्याच ऑफिसचं खूळ नाही. शेली कॉरेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. तोडीस तोड शिक्षण आणि अनुभव असलेले अर्ज लोकांसमोर ठेवले. एकात तेवढी अर्जदाराला मुलं असल्याची खूण होती. आई असलेल्या अर्जदाराला कमी सक्षम, कामाशी कमी बांधलेली ठरवलं गेलं आणि तिला सुरुवातीचा पगारही कमी सुचवला गेला. बाप असलेल्यांना असा फटका बसला नाही. त्या बायकांपैकी कुणीही रात्रीचा कॉल नाकारला नव्हता. नाकारायला त्या माणसं म्हणून अस्तित्वातच नव्हत्या, फक्त कागद होते.

मग विचारायचं कसं? इथे आपली भाषा आपल्याला दगा देते. ‘तुला झेपेल का?’ या प्रश्नात वजन आधीच उचलून दाखवलेलं असतं. ‘जमेल का?’ म्हटलं की ‘नाही जमलं तरी चालेल, आम्ही तेच धरून चाललोय’ हे समोरच्याला ऐकू येतं. आणि ‘आम्ही सांभाळून घेऊ’ याचं उत्तर तर ‘थँक यू’ एवढंच असू शकतं. मी आता हे तीनही शब्द वापरत नाही. मी असं म्हणते: ‘तुझं मॉड्यूल तुझ्याकडे परत येतंय. ऑनकॉलच्या यादीत तुझं नाव तिसऱ्या आठवड्यापासून घालतेय. काही बदलायचं असेल, वेळ, काम, काहीही, तर बुधवारपर्यंत सांग.’ यात गृहीत धरलेली गोष्ट एकच आहे: माणूस होतं तिथेच परत येतंय. ते हलवायचं तर हलवणारा हात तिचा असला पाहिजे.

यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. तो म्हणतो, सहा महिन्यांनी आलेलं माणूस आधीच बिचकलेलं असतं, आपली जागा गेली की काय या धास्तीत असतं. तू बॉस होऊन विचारलंस तर ते हो म्हणेल नाही तर काय? खरं आहे. पहिल्या आठवड्यातलं ‘हो’ फारसं विश्वासाचं नसतं. तसं पहिल्या आठवड्यातलं ‘नको’ही नसतं, बाळाला पाळणाघराची सवय झाली, आजी गावाला गेली, नवऱ्याची बदली झाली की चित्र पालटतं. म्हणून मी एकदा विचारून थांबत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा विचारते, तीन महिन्यांनी पुन्हा. आणि मधे काढून घेतलेलं काम कधी परत येणार, याची तारीख मेलमध्ये लिहून ठेवते. तारीख नसलेली सवलत कायमची होते, हे मी पाहिलंय.

याहून अवघड प्रश्न दुसरा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. सहा महिने ज्याने ते मॉड्यूल ओढलं त्या पोराचं काय? रात्री-अपरात्री तो उठला, क्लायंटच्या शिव्या त्याने खाल्ल्या, आणि ती आली की त्याच्या हातून काढून घ्यायचं? शुक्रवारच्या मीटिंगमध्ये न बोलला गेलेला मुद्दा खरं तर हाच होता. ‘बाळ लहान आहे’ हे म्हणायला सोपं होतं. ‘त्याला आता ते सोडायचं नाहीये’ हे अवघड. चूक ऑगस्टमध्येच झाली होती. काम सोपवताना मी त्याला ‘आता हे तुझं’ म्हणाले होते. ‘जानेवारीअखेरपर्यंत तुझं, त्यानंतर दोन आठवड्यांत परत सोपवायचं, आणि या सहा महिन्यांचं श्रेय तुझ्या अप्रेझलमध्ये वेगळं लिहीन’ असं म्हणायला हवं होतं. ते न म्हटल्यामुळे माझ्याकडे दोन दुखावलेली माणसं झाली, आणि त्यांची आपापसातली बोलाचाली पुढे वर्षभर जेवढ्यास तेवढी राहिली.

पुरुषांची गोष्ट उलटी. आपल्याकडे खाजगी नोकरीत बापाला रजा देण्याची कायद्याची सक्ती नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. काही कंपन्या आपणहून जास्त देतात. आमच्या शेजारच्या टीममधला एकजण बारा आठवडे घरी राहून आला. त्याला कुणी केक आणला नाही. ‘काय, सुट्टी एन्जॉय केलीस ना?’ एवढं विचारलं आणि त्याच रात्री रिलीजला बसवलं. त्याची बायको त्याच दिवशी कामावर रुजू झाली होती आणि संध्याकाळी बाळ त्याच्याकडे होतं. पण तो मोकळाच आहे हे इतकं उघड होतं की कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘याला आता करिअरमध्ये रस राहिला नाही’ असं झालं असतं. आईला रस नाही असं न विचारता ठरतं. बापाला तो आहेच असं न विचारता ठरतं. ज्या टीममध्ये दुसरं होतं तिथे पहिलं थांबणार नाही, कारण त्या रात्री त्याच्या जागी घरी कुणीतरी असावंच लागतं, आणि ती कुठल्या तरी दुसऱ्या ऑफिसात कुणाच्या तरी शुक्रवारच्या मीटिंगचा विषय होते.

आपल्याकडे हे होतंय का, हे ओळखायला मला एक साधी युक्ती सापडली आहे. दोन तारखा काढा: परत येणाऱ्या माणसाचं काम ठरल्याचा मेल कधी गेला, आणि त्या माणसाशी पहिलं बोलणं कधी झालं. माझ्या बाबतीत मेल २५ जानेवारीचा. बोलणं, खरंखुरं, एप्रिलमध्ये.

हे सगळं शिकून झाल्यावर गेल्या वर्षी मी पुन्हा आपटले. टीममधली एक हुशार मुलगी रजेवरून आली. या वेळी कार्ड पहिल्या दिवशी चाललं, मॉड्यूल तिच्या नावावर होतं, साडेतीनचा आढावा दोनवर आणला होता, वेलनेस रूमला कडी होती. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. बुधवारी तिचा दोन ओळींचा मेल आला: डिसेंबरपर्यंत ऑनकॉल नको, मॉड्यूलही सध्या दुसऱ्याकडेच राहू द्या, मला ठरावीक वेळेत संपणारं काम हवंय.

आणि मी चक्क हिरमुसले. एवढी गुणी मुलगी, एवढं सगळं तयार करून ठेवलं, आणि हिला नकोच? म्हणजे या वेळी मी धरून चालले होते की तिला सगळं हवंच असणार. पहिलीच्या वेळी आई पाहिली होती, या वेळी माझ्या प्रायश्चित्ताची संधी पाहत होते. तिला पाहिलं दोन्ही वेळा नाही.

मी ‘ठीक आहे’ असं उत्तर पाठवलं, काम बदलून दिलं, आणि डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी तिला पुन्हा विचारायचं म्हणून कॅलेंडरमध्ये नोंद टाकली. सोमवारी विचारलं. ती म्हणाली, मार्चपर्यंत असंच राहू द्या. मी तारीख पुढे सरकवली.